भागीदारीची कंपनी होताना: कोणाला किती शेअर, हे भांडवल खाते ठरवते

फुलंब्रीहून जळगाव रस्त्याने सिल्लोडकडे जाणारा हा पट्टा कापूस आणि मक्याचा. अशा भागातल्या जिनिंग, डाळमिल किंवा आडतीच्या व्यवसायांची सुरुवात बहुधा एकाच पद्धतीने होते. दोन भाऊ, एखादा मेहुणा, मुद्रांक कागदावर भागीदारीपत्र आणि बँकेत एक चालू खाते. व्यवसाय वाढला, उलाढाल काही कोटींवर गेली की बँक अधिकारी, मोठे खरेदीदार आणि कधी घरातली शिकलेली पुढची पिढी सुचवते, 'आता प्रायव्हेट लिमिटेड करा.' कारणही रास्त असते. भागीदारी कायदा, १९३२ नुसार संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार स्वतःच्या घरादारासह जबाबदार असतो. कंपनीत भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या शेअरपुरती असते.

कंपनी करण्याचा निर्णय एका बैठकीत होतो. वाद होतो तो पुढच्या प्रश्नावर. कोणाला किती शेअर? बहुतेकांना वाटते, नफा ज्या प्रमाणात वाटतो त्याच प्रमाणात. कायदा मात्र दुसरेच सांगतो.

नफ्याचे प्रमाण की भांडवलाचे?

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण आकडे अशा धंद्यात सहज दिसतील असेच आहेत. फुलंब्री परिसरातील एका जिनिंगमध्ये तीन भागीदार आहेत: थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि मेहुणा. भागीदारीपत्रात नफ्याचे प्रमाण ४०:४०:२० आहे. गाळ्यावर पहाटेपासून उभा राहतो तो धाकटा. म्हणूनच त्याला थोरल्याइतका नफा द्यायचे ठरले होते. पण घरखर्च, मुलांचे शिक्षण, बांधकाम यासाठी त्याने वर्षानुवर्षे उचल घेतली. थोरल्याने नफा संस्थेतच ठेवला. मेहुण्याने सुरुवातीलाच मोठी रक्कम घातली होती. परिणामी ताळेबंदात थोरल्याचे भांडवल ६० लाख, मेहुण्याचे ४८ लाख आणि धाकट्याचे १२ लाख रुपये दिसते. एकूण १ कोटी २० लाख.

कंपनी होताना दहा रुपयांचा एक याप्रमाणे १२ लाख शेअर द्यायचे ठरले, तर थोरल्याला ६ लाख, मेहुण्याला ४ लाख ८० हजार आणि धाकट्याला १ लाख २० हजार शेअर मिळतील. म्हणजे ५०, ४० आणि १० टक्के. नफ्यात ४० टक्क्यांचा धनी असलेला धाकटा कंपनीत दहा टक्क्यांवर येतो.

हे कोणाच्या लबाडीने होत नाही. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४७ मध्ये अशा रूपांतराला भांडवली नफ्याच्या करातून वगळणारी एक तरतूद आहे. तिच्या चार अटी आहेत. संस्थेच्या व्यवसायाची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे गेली पाहिजेत. सर्व भागीदार भागधारक झाले पाहिजेत, आणि तेही रूपांतराच्या दिवशी त्यांच्या भांडवल खात्यांत जे प्रमाण असेल त्याच प्रमाणात. शेअरशिवाय दुसरा कोणताही मोबदला किंवा फायदा, थेट किंवा आडून, कोणाला मिळता कामा नये. आणि या भागीदारांकडे मिळून किमान ५० टक्के मतदान हक्क पुढची पाच वर्षे राहिले पाहिजेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, सवलत मात्र सशर्तच राहिली. सीएशी बोलताना जुना क्रमांक ऐकू आला तर गोंधळून जाऊ नये.

'सगळ्यांच्या संमतीने ४०:४०:२० करून टाकू' असे म्हणून शेअर वाटले, तर कंपनी नोंदली जाईलही. कंपनी निबंधकाला त्यात अडचण दिसणार नाही. पण आयकराच्या दुसऱ्या अटीचा भंग होईल. वीस वर्षांपूर्वी घेतलेली जमीन आणि इमारत आज कितीतरी महाग झालेली असते, आणि त्या वाढीव किमतीवर कराचा प्रश्न उभा राहील.

दहा टक्क्यांनी नेमके काय जाते?

केवळ लाभांश नव्हे. भागीदारीत रोजच्या कामकाजाचे मतभेद भागीदारांच्या बहुमताने सुटतात, आणि तिथे डोकी मोजतात, भांडवल नाही. व्यवसायाचे स्वरूपच बदलायचे असेल तर भागीदारी कायद्यानुसार सर्वांची संमती लागते. म्हणजे १२ लाखवाला धाकटा 'नाही' म्हणाला, तर जिनिंग बंद करून तिथे गोदाम काढता येत नाही.

कंपनीत शेअर मोजतात. नियमावली बदलणे किंवा कंपनीचा उद्देश बदलणे यासाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे मतदानात तीन चतुर्थांश मते. थोरला आणि मेहुणा मिळून ९० टक्के होतात. त्यांना धाकट्याला विचारण्याची गरज उरत नाही. संचालक काढण्यासाठी तर साधा ठराव पुरतो. धाकट्याकडे २५ टक्क्यांहून थोडे जास्त शेअर असते, तरी तो विशेष ठराव अडवू शकला असता. दहा टक्क्यांवर तो फक्त तक्रार करू शकतो.

कागदपत्रे तयार होताना हे कोणी समजावून सांगत नाही. सीए करवाचवीची अट सांगतो आणि ती बरोबरच असते, बँक तारणाचे पाहते. धाकट्याचे हित पाहणारा त्या टेबलावर कोणी नसतो, आणि घरचाच मामला असल्याने तो स्वतःही विचारत नाही.

मग मार्ग कोणता?

सरळ मार्ग एकच, रूपांतराआधी भांडवल खाती नफ्याच्या प्रमाणाशी जुळवून घेणे. वरच्या उदाहरणात धाकट्याने ३६ लाख रुपये आणले, थोरल्याने १२ लाख आणि मेहुण्याने २४ लाख काढून घेतले, तर खाती ४८, ४८ आणि २४ लाख होतात. एकूण पुन्हा १ कोटी २० लाखच, आणि प्रमाण नेमके ४०:४०:२०. संस्थेच्या खेळत्या भांडवलाला धक्का लागत नाही. पैसा मात्र खरा हवा आणि बँकेतून फिरलेला हवा. धाकट्याने ते कर्ज काढून आणले, की थोरल्याकडूनच उसने घेतले, हा वेगळा मुद्दा. पण त्याची नोंद, कागद आणि परतफेडीची बोली असली पाहिजे. ३१ मार्चला वहीत एक ओळ लिहून भांडवल इकडचे तिकडे केले, तर तपासणीत ते टिकणे कठीण.

या जुळवणीचा आणखी एक फायदा आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कायद्याला हवे असते ते रूपांतराच्या 'दिवशीचे' प्रमाण. तो दिवस म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रावरची तारीख. ती आधी हातात नसते, आणि अर्जात शेअरचे आकडे मात्र आधीच भरलेले असतात. मधल्या काळात संस्थेला दहा लाख रुपये नफा झाला असे धरा. तो ४०:४०:२० ने खात्यांत जमा होणार. मूळची ६०, १२, ४८ लाखांची खाती ६४, १६ आणि ५० लाख होतील, म्हणजे सुमारे ४९.२, १२.३ आणि ३८.५ टक्के. अर्जात लिहिले होते ५०, १०, ४०. जुळवलेल्या खात्यांत तोच नफा घाला: ५२, ५२, २६ लाख. प्रमाण जिथल्या तिथे.

जुळवणी शक्य नसेल, तर किमान उचल तरी थांबवावी. अर्जासाठी ताळेबंद काढल्यापासून प्रमाणपत्र येईपर्यंत एकाही भागीदाराने गल्ल्यातून रक्कम नेऊ नये. तारीखही हंगामाबाहेरची धरावी. दिवाळीनंतर जिनिंग जोरात असताना रोज खाती हलतात आणि आवारात कापसाचे ढीग असतात. एप्रिलनंतर साठा कमी असतो, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच बदल झाला तर मधल्या नफ्याचा प्रश्नही छोटा राहतो.

धाकट्याकडे ३६ लाख नसतील तर? मग शेअर भांडवलाप्रमाणेच घ्यावेत, आणि त्याचे संरक्षण कंपनीच्या नियमावलीत लिहावे. जमीन विकणे, व्यवसाय बदलणे किंवा नवे शेअर काढणे यांना सर्व भागधारकांची संमती लागेल, असे कलम घालता येते. कंपनी कायदा, २०१३ अशी घट्ट बांधलेली कलमे मान्य करतो, आणि नोंदणीच्या वेळीच ती घातली तर पुन्हा वाद राहत नाही. त्याच्या कामाचा मोबदला म्हणून संचालकाचा पगार ठरवावा. तो कष्टाचा असतो, रूपांतराचा नव्हे.

पुढे कधी थोरल्याने आपले काही शेअर धाकट्याला बक्षीस दिले, तर पाच वर्षांची अट मोडत नाही. कारण ती अट भागीदारांच्या एकत्रित मतांची आहे आणि शेअर त्यांच्यातच फिरतात. भावाने भावाला दिलेली भेट घेणाऱ्याच्या हाती करपात्रही नसते. मात्र कंपनी झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात हे केले तर 'आडून फायदा' दिल्याचा संशय येणारच. थोडा काळ जाऊ द्यावा.

एका स्थितीत तर हे सगळे मार्ग बंद होतात. उचल इतकी झाली की एखाद्या भागीदाराचे खाते उणे गेले. उणे भांडवलावर शेअर मिळू शकत नाहीत, आणि एक भागीदार वगळला की 'सर्व भागीदार भागधारक' ही अट कोसळते. त्याने आधी पैसे भरून खाते अधिकात आणलेच पाहिजे.

किंमत वाढवून घेऊ का?

धाकट्याचे भांडवल वाढवण्यासाठी एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो. जमिनीची वहीतली किंमत आजच्या बाजारभावाला आणायची आणि वाढ तिघांच्या खात्यांत नफ्याच्या प्रमाणात टाकायची. पैसा न आणता धाकट्याचे खाते फुगते. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मनसुख डाईंग अँड प्रिंटिंग मिल्स या भागीदारी संस्थेच्या प्रकरणात अशा वाढीवर दिलेला निकाल हा उपाय करण्याआधी वाचावा. त्या संस्थेने मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून १७ कोटी ३४ लाखांची वाढ भागीदारांच्या खात्यांत जमा केली होती. ती रक्कम भागीदारांना काढून घेता येण्याजोगी झाली, म्हणून न्यायालयाने तिच्यावर भांडवली नफ्याचा कर योग्य ठरवला. ते प्रकरण कंपनीत रूपांतर होण्याचे नव्हते. पण रूपांतराच्या तोंडावर खाती फुगवणाऱ्याला आयकर अधिकारी हाच निकाल दाखवील.

जमीन कोणाची?

कंपनी कायद्याच्या एकविसाव्या प्रकरणात भागीदारी संस्थेची थेट कंपनी म्हणून नोंदणी करण्याची सोय आहे. २०१८ पर्यंत त्यासाठी किमान सात सभासद लागत, म्हणून घरातल्या बायकामुलांना भागीदार करून संख्या भरली जाई. आता दोन पुरतात. या मार्गाचा मोठा गुण असा की नोंदणी होताच संस्थेची स्थावर-जंगम मालमत्ता कायद्यानेच कंपनीची होते. वेगळे खरेदीखत लागत नाही.

आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकात श्री रामानुज जिनिंग अँड राईस फॅक्टरीच्या प्रकरणात, जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीखाली, हेच सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये टेक्स्पिन इंजिनिअरिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग वर्क्सच्या प्रकरणात कराच्या अंगाने तोच विचार केला. अशा नोंदणीत संस्था आपली मालमत्ता दुसऱ्याला विकत नाही, ती स्वतःच नव्या रूपात येते. म्हणून हे भांडवली नफ्यासाठीचे हस्तांतर नव्हे. मग चार अटींचा काच कशाला, असा युक्तिवाद या निकालाच्या आधारे आजही होतो. पण त्या प्रकरणातले वर्ष सवलतीच्या कलमाआधीचे होते. छोट्या गावातल्या जिनिंगने उच्च न्यायालयापर्यंत भांडायची तयारी ठेवण्यापेक्षा अटी पाळाव्यात, हेच शहाणपणाचे.

पण कंपनीकडे जाते ते संस्थेचे असलेलेच. इथे अनेकांची गाडी अडते. ताळेबंदात 'जमीन' अशी ओळ असते आणि सातबाऱ्यावर नाव असते थोरल्या भावाचे, कधी कधी वारलेल्या वडिलांचे. शेड संस्थेने बांधलेली, वीजजोडणी संस्थेच्या नावाची, पण माती एकट्याची. ती जमीन कंपनीची होणार नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे: सातबारा, बिनशेती आदेश आणि ताळेबंद हे तीन कागद शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. जमीन बिनशेती झालेली नसेल तर आणखी काळजी घ्यावी, कारण शेतजमीन कंपनीच्या नावावर जाण्यावर बंधने आहेत. जमीन व्यक्तीच्या नावे निघाली, तर एक तर ती आधी रीतसर संस्थेत आणायची, ज्यावर त्या भावाला भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. नाहीतर कंपनीने त्याच्याकडून नोंदणीकृत भाडेपट्टा घ्यायचा. दुसरा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. जमीन खरोखर संस्थेच्या नावे असेल, तर कंपनीचे प्रमाणपत्र दाखवून फेरफार करून घ्यावा. मुद्रांक शुल्काबाबत शंका असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच अभिनिर्णय घेतलेला बरा.

कागद कोणत्या क्रमाने?

कागद फार नाहीत, पण क्रम चुकला की दोन-दोनदा करावे लागतात. अर्ज `URC-1` या फॉर्ममध्ये, कंपनी स्थापनेच्या `SPICe+` अर्जासोबत जातो. त्याला जोडायचे लेखापालाने प्रमाणित केलेले हिशेबपत्रक अर्जाच्या तारखेआधी पंधरा दिवसांपेक्षा जुने चालत नाही. उलट तारण असलेल्या बँकेचे ना-हरकत पत्र शाखेतून वरच्या कार्यालयात जाऊन परत यायला अनेक आठवडे घेऊ शकते. शिवाय एका इंग्रजी आणि एका मराठी दैनिकात जाहीर सूचना देऊन हरकतींसाठी एकवीस दिवस थांबावे लागते. म्हणून आधी बँक, मग जाहिरात आणि अगदी शेवटी हिशेबपत्रक. हिशेबपत्रक आधी काढणाऱ्याला ते पुन्हा काढावे लागते, आणि दरम्यान भांडवलाचे प्रमाणही हललेले असते.

बँकेचे पत्र घेताना भ्रमात राहू नये. मर्यादित जबाबदारी कंपनीच्या नव्या देण्यांपुरती. जुनी देणी नोंदणीने पुसली जात नाहीत, आणि बँक ना-हरकत देताना तिघांची वैयक्तिक हमी पुन्हा लिहून घेतल्याशिवाय सहसा राहत नाही. बँकेच्या कर्जापुरते घरदार पूर्वीइतकेच धोक्यात असते. फरक पडतो तो माल उधार देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, वाहतूकदारांच्या आणि पुढच्या दाव्यांच्या बाबतीत.

प्रमाणपत्र आल्यावर पंधरा दिवसांत भागीदारी निबंधकाला कळवावे लागते. कंपनीचा पॅन नवा, म्हणून जीएसटी क्रमांकही नवा. जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट `ITC-02` या फॉर्मने नव्या क्रमांकावर न्यायचे असते. जुनी नोंदणी आधी रद्द केली आणि मग हे आठवले, तर ते क्रेडिट अडकते. बाजार समितीचा परवाना आणि वीजजोडणी यांचे अर्जही त्याच आठवड्यात टाकावेत. संस्थेचा मागील तोटा असेल, तर अटी पाळल्या असताना तो कंपनीला पुढे ओढता येतो. आणि अटी नंतर मोडल्या तर वाचलेला कर त्या वर्षी कंपनीकडूनच वसूल होतो.

राहिली उचल. भागीदारीत गल्ल्यातून नेलेले पैसे स्वतःच्याच भांडवलातून वजा होत, कोणाला हिशेब द्यावा लागत नसे. कंपनीत तेच पैसे संचालकाला दिलेले कर्ज ठरतात. कंपनी कायद्यात अशा कर्जावर कडक बंधने आहेत, आणि आयकरात ती रक्कम लाभांश समजून त्या संचालकाच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. वरच्या उदाहरणातला धाकटा पहिल्याच श्रावणात मुलाच्या फीसाठी पूर्वीसारखा गल्ल्याकडे वळेल. त्याचा पगार ठरवणारा संचालक मंडळाचा ठराव त्याआधी झालेला हवा.